सरकवलेलं नोटिफिकेशन परत सापडतं, पण चोवीस तासांच्या आत

फोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की दिवसभराची नोटिफिकेशनं एका रांगेत समोर येतात. बातम्या, सवलती, हवामान, कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभात, आणि त्यांच्या मध्येच कुठेतरी बँकेचा, शाळेचा किंवा दवाखान्याचा एखादा खरोखर कामाचा निरोप. आपण वैतागून 'Clear all' दाबतो आणि सगळी रांग एका फटक्यात नाहीशी होते. मग क्षणभराने वाटतं, त्यात काहीतरी महत्त्वाचं होतं. पण कोणाचं होतं आणि काय लिहिलं होतं, ते काही केल्या आठवत नाही.

अशा वेळी बहुतेक जण गेलं ते गेलं म्हणून सोडून देतात. वास्तविक सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच याची सोय आहे. तिचं नाव Notification history. आलेल्या नोटिफिकेशनांची नोंद ती चोवीस तास ठेवते. अडचण अशी की नव्या फोनमध्ये ही सोय साधारणपणे बंद असते आणि आपण ती स्वतः चालू करेपर्यंत फोन काहीच नोंदवत नाही. निरोप हरवल्यावर घाईघाईने ती चालू केली, तर समोर रिकामं पान येतं. मागचं काही त्यात भरून येत नाही. म्हणून हरवलेलं शोधायचं कसं, याआधी ही सोय चालू करायची कशी, ते पाहू.

आधी चालू करा

मूळ अँड्रॉइडच्या जवळ असलेल्या फोनवर, म्हणजे पिक्सेल किंवा त्यासारखी मांडणी असलेल्या फोनवर, Settings उघडून Notifications मध्ये जायचं. तिथे Notification history अशी ओळ दिसते. ती उघडली की वर Use notification history हे बटण असतं. ते चालू केलं की काम झालं. सॅमसंगच्या फोनवर एक पायरी जास्त आहे: Settings, मग Notifications, मग Advanced settings आणि त्यात Notification history. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर हीच नावं मराठीत दिसतील, पण क्रम तोच राहील.

प्रत्येक कंपनी सेटिंग्जची मांडणी आपापल्या पद्धतीने बदलते. त्यामुळे वरच्या वाटेने गेल्यावर ती ओळ सापडली नाही, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत history एवढंच टाइप करून पाहा. बऱ्याचदा ओळ दुसऱ्याच पानावर असते आणि शोधात लगेच वर येते. काही फोनांच्या मांडणीत मात्र ही सोय दिसतच नाही. अशा फोनसाठी काय करता येतं, ते पुढे येईलच.

बटण चालू केलं की लगेच खात्री करून घ्यावी. घरातल्या कोणाला तरी एक साधा मेसेज पाठवायला सांगा. मेसेजचं अ‍ॅप उघडू नका, नोटिफिकेशन वर दिसलं की बोटाने बाजूला सरकवा आणि पुन्हा त्या पानावर जा. सरकवलेला मेसेज तिथे दिसला तर नोंद सुरू झाली आहे. अ‍ॅप न उघडण्याला इथे कारण आहे. गप्पांची खिडकी समोर उघडी असताना मेसेज आला, तर बहुतेक अ‍ॅप नोटिफिकेशन देतच नाहीत, आणि जे नोटिफिकेशन आलंच नाही त्याची नोंदही होत नाही.

एकाच पानावरच्या दोन याद्या

चालू केल्यावर काही तासांनी पान उघडलं की त्यावर दोन भाग दिसतात. वर Recently dismissed, म्हणजे नुकतीच सरकवलेली. खाली Last 24 hours, म्हणजे गेल्या चोवीस तासांतली. पुढे ढकललेली, म्हणजे स्नूझ केलेली, नोटिफिकेशनं असतील तर त्यांचा तिसरा छोटा भाग दिसतो. वरवर पाहता एकच यादी दोनदा दिल्यासारखी वाटते, पण या दोन याद्यांचं काम वेगळं आहे आणि शोधताना होणारा बहुतेक गोंधळ हा फरक माहीत नसल्यामुळे होतो.

अ‍ॅप जेव्हा नोटिफिकेशन देतं, तेव्हा ते फोनच्या यंत्रणेकडे शीर्षक, मजकूर आणि वेळ एवढंच सोपवत नाही. त्यावर बोट टेकवलं की काय उघडायचं, याचीही सूचना त्यासोबत असते. बँकेच्या नोटिफिकेशनवर टेकवलं की थेट तोच व्यवहार उघडतो, तो या सूचनेमुळे. Recently dismissed या यादीत फोन सरकवलेलं नोटिफिकेशन या सूचनेसकट जपतो. त्यामुळे तिथल्या ओळीवर टेकवलं की बहुतेक वेळा ते मूळ जागीच घेऊन जातं, जणू सरकवलंच नव्हतं. मात्र ही यादी फार लहान असते. सरकवलेल्यांपैकी अगदी शेवटची काहीच तिथे उरतात. शिवाय ती फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत असते, त्यामुळे फोन बंद करून पुन्हा चालू केला की रिकामी होते.

Last 24 hours ही यादी मोठी आणि टिकाऊ आहे. ती फोनच्या साठवणीत लिहिली जाते, त्यामुळे फोन बंद करून चालू केल्यावरही राहते. पण तिचा स्वभाव कार्यालयातल्या आवक नोंदवहीसारखा आहे. कोणाकडून, किती वाजता आणि काय मजकूर आला, हे त्यात मिळतं. मूळ पत्र त्यात नसतं. बोट टेकवल्यावर काय उघडायचं, ती सूचना इथे जपलेली नसते. म्हणून मूळ अँड्रॉइडवर या यादीतल्या ओळीवर टेकवलं की निरोप उघडत नाही, त्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशनांची सेटिंग्ज उघडतात. पहिल्यांदा असं झालं की माणसाला वाटतं, आपण काहीतरी चुकीचं दाबलं. तसं काही झालेलं नसतं. खालच्या यादीतून वाचायचं असतं, उघडायचं असतं ते अ‍ॅप आपण स्वतः जाऊन.

काकूंचा तपासणीचा निरोप

आमच्या शेजारच्या काकूंच्या फोनवर मुलीने ही सोय आधीच चालू करून ठेवली होती. त्या एका पॅथॉलॉजी लॅबकडून दर काही महिन्यांनी रक्त तपासून घेतात. नमुना न्यायला माणूस घरी येतो आणि त्याची वेळ लॅबचं अ‍ॅप कळवतं. एका सकाळी त्यांनी चहा होईपर्यंत फोन हातात घेतला आणि साठलेली सगळी नोटिफिकेशनं एकदम साफ केली. तासाभराने त्या माझ्याकडे आल्या.

"अहो, लॅबचं काहीतरी आलं होतं. उद्याबद्दलच होतं, पण वाचायच्या आधीच गेलं बघा. अ‍ॅपमध्ये पाहिलं तर तिथे जुनीच वेळ दिसतेय."

"काकू, फोन बंद करून चालू तर नाही ना केलात?"

"नाही, अजून नाही. करू का?"

"नको नको. तसाच द्या."

पान उघडल्यावर वरच्या Recently dismissed मध्ये लॅबचं नाव नव्हतं. तिथे एक बातमी, हवामान, एका दुकानाची सवलत आणि भिशीच्या ग्रुपवरचे दोन मेसेज होते. सगळं एकदम साफ करताना आणि त्यानंतरच्या तासाभरात सरकवलेल्या गोष्टींनी ती छोटी यादी भरून गेली होती. लॅबचं नोटिफिकेशन तिथून मागे ढकललं गेलं होतं.

मग खाली Last 24 hours मध्ये गेलो. ही यादी वेळेच्या सरळ क्रमाने नसते, अ‍ॅपनुसार गटांत असते. प्रत्येक अ‍ॅपचा एक कप्पा, त्यावर त्याचं चिन्ह, नाव, किती नोटिफिकेशनं आली तो आकडा आणि उघडण्यासाठी छोटा बाण. ज्या अ‍ॅपने सगळ्यात अलीकडे काही पाठवलं ते वर असतं. त्यामुळे गप्पांचे ग्रुप वरती होते आणि लॅब बरीच खाली. लॅबच्या कप्प्यावर दोनचा आकडा होता. बाण दाबल्यावर दोन ओळी उघडल्या. एक आदल्या संध्याकाळची, नोंदणी पक्की झाल्याची. दुसरी त्या सकाळची: नमुना घेण्याची वेळ बदलली आहे, सकाळी सातऐवजी सहा वीसला प्रतिनिधी येईल, दहा तास उपाशी राहा.

काकूंनी लगेच त्या ओळीवर बोट टेकवलं आणि लॅबच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जचं पान समोर आलं. "हे काय उघडलं? गेलं का परत?" मागे आलो तर ओळ जागच्या जागी होती. मी त्यांना वेळ कागदावर लिहून घ्यायला सांगितलं. अ‍ॅपमध्ये मात्र अजून जुनीच वेळ दिसत होती. म्हणून त्यांनी लॅबला फोन करून सहा वीसची खात्री करून घेतली आणि रात्रीचं जेवण आठच्या आत उरकायचं ठरवलं.

या सगळ्यात एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली. नोंदींच्या पानावर असताना ओळीवर बोट आडवं ओढायचं नाही. मूळ अँड्रॉइडवर खालच्या यादीतली ओळ बाजूला सरकवली की ती नोंदही पुसली जाते आणि ती परत आणायला काही मार्ग राहत नाही. वर नोटिफिकेशन सरकवायची सवय हाताला असते, तीच इथे नकळत लागू होते.

काय सापडतं आणि काय नाही

नोटिफिकेशनमध्ये अ‍ॅपने जेवढा मजकूर दिला तेवढाच नोंदवला जातो. ईमेलच्या बाबतीत बहुधा विषय आणि सुरुवातीच्या ओळी मिळतात, पूर्ण पत्र मिळत नाही. गप्पांच्या अ‍ॅपमधून फोटो आला असेल तर फोटो आल्याचं कळतं, फोटो दिसत नाही. आवाजाचा संदेश असेल तर तेही तसंच. एखाद्या अ‍ॅपमध्ये मजकूर लपवण्याची सोय चालू असेल आणि नोटिफिकेशनमध्ये फक्त 'नवा संदेश' एवढंच येत असेल, तर नोंदीतही तेवढेच दोन शब्द असतात.

पाठवणाऱ्याने नंतर पुसलेला मेसेज इथे वाचता येतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पुष्कळदा वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की गप्पांमधून मजकूर जातो आणि नोटिफिकेशनही बदलतं, पण आधीचं नोटिफिकेशन जसं आलं तसं नोंदवलं गेलेलं असतं. अर्थात त्यासाठी मेसेज आला त्या वेळी नोटिफिकेशन यायला हवं. ग्रुपची नोटिफिकेशनं बंद असतील किंवा गप्पांची खिडकी उघडी असेल, तर काही हाती लागत नाही. आणि समोरच्याने विचार करून मागे घेतलेला शब्द आपण मुद्दाम शोधून वाचायचा का, हे ज्याने त्याने स्वतःशी ठरवायचं.

चोवीस तासांची मर्यादा पक्की आहे. त्याहून जुनं या पानावर सापडत नाही आणि ही मुदत वाढवायचं बटणही तिथे नाही. त्याशिवाय आपल्या हातून नोंद लवकर पुसली जाण्याचे दोन प्रकार आहेत. अ‍ॅप काढून टाकलं की त्याच्या नोंदीही जातात. म्हणून अ‍ॅप बिघडलं म्हणून काढून पुन्हा टाकायचं असेल, तर आधी हे पान पाहून घ्यावं. दुसरा प्रकार म्हणजे Use notification history हे बटण बंद करणं. बंद करताक्षणी सगळ्या नोंदी पुसल्या जातात. पुन्हा चालू केल्यावर त्या परत येत नाहीत, मोजणी नव्याने सुरू होते.

सोय बंद होती, तर

समजा हे वाचण्याआधीच निरोप हरवला आणि नोंदींची सोय बंद होती. मग मजकूर फोनच्या यंत्रणेकडे नाही, हे मान्य करून पुढचा विचार करावा. पण मूळ निरोप कुठेतरी असण्याची शक्यता मोठी असते. नोटिफिकेशन सरकवल्याने एसएमएस पुसला जात नाही, तो मेसेजच्या पेटीत असतो. ईमेल इनबॉक्समध्ये असतं. चुकलेला कॉल कॉलच्या यादीत असतो. बऱ्याच अ‍ॅपमध्ये घंटेचं चिन्ह असतं आणि त्यात अ‍ॅपने पाठवलेल्या सूचनांची स्वतःची यादी असते.

खरी पंचाईत होते ती निरोप कोणत्या अ‍ॅपचा होता हेच आठवत नसेल तेव्हा. त्यासाठी सेटिंग्जमध्ये Notifications खाली अ‍ॅपनिहाय यादी असते. मूळ अँड्रॉइडवर तिचा क्रम Most recent ठेवता येतो. कोणत्या अ‍ॅपने किती वेळापूर्वी नोटिफिकेशन दिलं, ते तिथे दिसतं आणि त्यासाठी नोंदींची सोय चालू असावी लागत नाही. मजकूर कळत नाही, पण साधारण नऊच्या सुमारास काहीतरी आलं होतं एवढं आठवत असेल, तर त्या वेळेच्या आसपासची दोन-तीन नावं हाती लागतात आणि मग ती अ‍ॅप एकेक करून उघडून पाहता येतात.

अँड्रॉइड १० किंवा त्याहून जुन्या फोनवर Notification history नाही. त्यांतल्या अनेक फोनांवर Notification log नावाचं एक पान मात्र आत दडलेलं आहे. होम स्क्रीनच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरायचं, विजेट्समधून Settings चा छोटा शॉर्टकट ओढून आणायचा आणि समोर येणाऱ्या यादीतून Notification log निवडायचं. हे पान तंत्रज्ञांसाठी असल्यासारखं दिसतं, इंग्रजी अक्षरांची गर्दी असते, पण त्यात शीर्षकं वाचता येतात. फोन बंद करून चालू केला की तेही रिकामं होतं.

ज्या फोनवर ही सोय दिसतच नाही, तिथे लोक प्ले स्टोअरवरून नोटिफिकेशन साठवणारी अ‍ॅप घेतात. ती चालण्यासाठी त्यांना फोनवर येणारं प्रत्येक नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी द्यावी लागते. प्रत्येक म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा. याच धोक्यामुळे अँड्रॉइड १५ पासून ओटीपी असलेल्या नोटिफिकेशनांचा मजकूर अशा बाहेरच्या अ‍ॅपपासून झाकला जाऊ लागला. त्याआधीच्या फोनांवर हे संरक्षण नाही. यूपीआय आणि बँकेचे व्यवहार त्याच फोनवर होत असतील, तर हरवलेल्या एका निरोपासाठी ही परवानगी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्याच्या हाती फोन, त्याला नोंदी दिसतात

फोनच्या स्वतःच्या सोयीतही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नोंदींचं पान उघडायला फोनचं कुलूप उघडलेलं असणं पुरेसं असतं. आपण एखाद्या गप्पांच्या अ‍ॅपला वेगळं कुलूप लावलं असेल, पण त्याच्या नोटिफिकेशनमध्ये मजकूर येत असेल, तर तो मजकूर चोवीस तास या पानावर उघडा असतो. ज्या घरात एकच फोन अनेकांच्या हातात फिरतो, किंवा ज्याला आपले निरोप घरातल्याच कोणापासून सुरक्षित ठेवायचे आहेत, त्याने हे आधी तपासावं. एकच नोंद नको असेल तर ती सरकवून पुसता येते. सगळंच नको असेल तर बटण बंद करावं. आणि मजकूर नोंदीत येऊच नये असं वाटत असेल, तर त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनमधला मजकूर दाखवणं थांबवावं.

बाकीच्यांनी बटण चालू ठेवावं आणि निरोप हरवल्यावर क्रम सांभाळावा. फोन बंद-चालू करू नये. लगेच नोंदींच्या पानावर जाऊन आधी वरच्या यादीत पाहावं, तिथे असेल तर टेकवून थेट उघडावं. नसेल तर खालच्या यादीत अ‍ॅपचा कप्पा उघडून मजकूर वाचावा, त्यावर बोट आडवं ओढू नये. वेळ, रक्कम, पत्ता असं काही असेल तर लिहून घ्यावं किंवा स्क्रीनशॉट काढावा, कारण उद्या याच वेळेपर्यंत ती ओळ यादीतून गेलेली असेल.